आमची वाटचाल : नौपाड्याला पाठवलेलं एक पत्र

कोपरखैरण्यात घरातल्याच टेबलावर मी एकटीने साइट बनवायच्या कामाला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाइक एक दवाखाना होता, त्याची अपॉइंटमेंट बुकिंगची साइट मी फुकटच्या होस्टिंगवर टाकली होती. थोडा वेळ कुणी आलं नाही की तो सर्व्हर झोपायचा आणि सकाळचा पहिला पेशंट पाऊण मिनिट कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचा. शेवटी तो रिसेप्शनला फोनच करायचा. मग बुकिंगची साइट हवी कशाला?

त्यानंतर ठाण्यात, नौपाड्यातल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचं काम आलं. मॅडमनी एकच विचारलं, "महिन्याला किती?" उत्तरादाखल मी पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा :

"मॅडम, तुमच्याकडे दिवसाला 40 अपॉइंटमेंट होतात. एवढ्यासाठी सर्व्हरचा स्वतंत्र हिस्सा, म्हणजे व्हीपीएस, घ्यायची गरज नाही. तो महिना 600 ला मिळतो, पण त्याचे अपडेट आणि सुरक्षा सांभाळायला माणूस लागतो. तुम्हाला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे इतरांच्या साइटबरोबर एकाच सर्व्हरवर जागा, पुरेल. जाहिरातीतला 99 रुपयांचा दर मात्र तीन वर्षांचे पैसे आधी भरले तरच मिळतो आणि नूतनीकरणाला तोच 350 होतो. म्हणून हिशेब 350 नेच करते.

खरा खर्च एसएमएसचा आहे. महिन्याला 25 दिवस धरले तर 1000 अपॉइंटमेंट, प्रत्येकीला दोन संदेश, म्हणजे 2000. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, मराठीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. तुम्ही दिलेला मजकूर 118 भरतो, म्हणजे प्रत्येक संदेशाला दोन एसएमएसचे पैसे. 20 पैशांनी 800 रुपये. त्याऐवजी हे बघा : 'उद्या 6:30 वाजता अपॉइंटमेंट. बदल असल्यास फोन करा.' हे 49 भरतात, क्लिनिकचं नावही मावतं. खर्च 400 वर येतो. मजकूर आताच पक्का करा, कारण डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसची नोंदणी होते तिथे, साचा मंजूर झाल्यावर एक शब्द बदलायचा तरी पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

होस्टिंग 350, एसएमएस 400, साइटचा पत्ता म्हणजे डोमेन, त्याचे वर्षाला 840, महिना 70. एकूण 820, जीएसटी धरून 968. माझी देखभाल 1000, ती वेगळी. होस्टिंग कंपनीचा बॅकअप त्यांच्याच सर्व्हरवर राहतो, म्हणून रोज रात्री एक प्रत मी दुसरीकडे उतरवून ठेवीन."

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. आकड्यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. "उद्या तू काम सोडलंस तर डोमेन कुणाच्या नावावर?" हे पत्रात लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (तोवरची सगळी डोमेनं मी स्वतःच्याच खात्यात घेतली होती, सोयीचं पडायचं!) त्या संध्याकाळी नौपाड्यात बसून डोमेन, होस्टिंग आणि डीएलटी, तिन्ही खाती त्यांच्या ईमेलने उघडली. जुन्या गिऱ्हाइकांची डोमेनं त्यांच्या नावावर करायला मला पुढचे चार महिने लागले.