तुम्ही विचारलंत म्हणून: दृष्टांत की अर्थांतरन्यास?

"मॅडम, श्लेष, अतिशयोक्ती मला जमतात. पण पर्यायांत दृष्टांत आणि अर्थांतरन्यास शेजारी शेजारी आले की माझं उत्तर हमखास चुकतं. दोन्हींत उदाहरणच तर देतात ना?"

उदाहरण दोन्हींत असतं, आणि म्हणूनच उदाहरणाकडे बघून उत्तर सापडत नाही. ज्याच्यासाठी उदाहरण दिलंय, ते वाक्य आधी बघायचं. ते एका कुणाबद्दल, एका प्रसंगाबद्दल आहे, की सगळ्यांना लागू पडणारा नियम आहे? माझं सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे. पण तो ओळींवर लावून दाखवल्याशिवाय उपयोगाचा नाही.

रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती स्वयंवराख्यानातला श्लोक घेऊ. नळराजाने उपवनातल्या तळ्याकाठी हंस धरला आहे आणि बाकीचे पक्षी भिऊन उडून गेले आहेत.

तदितर खग भेणे वेगळाले पळाले
उपवन-जल-केली जे कराया मिळाले
स्वजन, गवसला जो, त्याजपाशी नसे तो
कठिण समय येता कोण कामास येतो

क्रियापदं बघा. पहिल्या दोन ओळींत 'पळाले', 'मिळाले'. घडून गेलेली गोष्ट आहे, एका तळ्यावरची, एका दिवसाची. तिसऱ्या ओळीत 'नसे' येतं. भूतकाळ सुटला, तरी सापडलेला तो एक आणि त्याचे स्वजन अजून नजरेसमोर आहेत. चौथ्या ओळीत 'येतो' म्हणताना हंस, तळं, नळराजा सगळं मागे पडलेलं असतं. हा 'येतो' आजचा नाही, नेहमीचा आहे. नळदमयंतीची गोष्ट ज्यांना ठाऊकही नाही, अशा माणसांच्या तोंडीही ही ओळ म्हणीसारखी येते. ती तशी सुटी निघते, कारण ती सामान्य विधान आहे. विशेष गोष्ट सांगितली आणि तिच्यावरून सामान्य सिद्धांत मांडला, की अर्थांतरन्यास झाला.

वर्गात मी हा श्लोक फळ्यावर लिहिते आणि पहिल्या तीन ओळी पुसून टाकते. चौथी ओळ एकटी उभी राहते, तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

आता हाच प्रयोग तुकोबांच्या ओळींवर करू.

लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥
ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ॥

मुंगी आणि ऐरावत पुसून टाका. उरतं 'लहानपण देगा देवा'. हा नियम नाही, मागणं आहे. क्रियापद आज्ञार्थी आहे, मागणारा एक आहे, देणारा एक आहे. ही गोष्ट आपल्याला पटावी म्हणून मुंगीचा आणि ऐरावताचा दाखला शेजारी ठेवला आहे. लहानपण मागणारा भक्त आणि साखर खाणारी मुंगी एकमेकांसमोर आरशासारखे उभे राहतात. मुंगीवरून भक्ताची गोष्ट कळते, पण दोन्ही गोष्टी आपापल्या जागी सुट्या राहतात. हा दृष्टांत.

इथे चांगले अभ्यास केलेले विद्यार्थी हटकून अडवतात. "पण मॅडम, लहान असण्यात सुख आहे, हा सिद्धांतच झाला की." शंका बरोबर आहे. फक्त तो सिद्धांत या दोन चरणांत लिहिलेला नाही, आपण तो मनात काढतो. आणि अलंकार ठरतो तो लिहिलेल्या शब्दांवरून. मात्र याच अभंगात पुढे 'ज्याचे अंगी मोठेपण । तया यातना कठीण' असं येतं. 'ज्याचे' आणि 'तया' ही जोडी म्हणजे जो कुणी मोठा असेल त्याला. हे उघड सामान्य विधान आहे. ऐरावताचं कडवं आणि हे कडवं एवढंच कापून समोर ठेवलं, तर मला तिथे अर्थांतरन्यास दिसतो. म्हणून प्रश्नात ओळी किती दिल्यात हे आधी मोजा. पाठ असलेला सगळा अभंग डोक्यात धरून उत्तर देऊ नका.

शिकवायला लागले तेव्हा या जागी माझ्याकडून एक चूक झाली होती. दोन्ही अर्ध्यांत जोड्या लागतात का ते बघा, लागल्या की दृष्टांत लिहा, असं मी सांगायचे. त्याला बिंब-प्रतिबिंब भाव म्हणतात, तो दृष्टांताच्या व्याख्येतच आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग सराव चाचणीत हा श्लोक दिला:

होई जरी सतत दुष्टसंग
न पावती सज्जन सत्त्वभंग
असोनिया सर्प सदा शरीरी
झाला नसे चंदन तो विषारी

जवळजवळ सगळ्या वर्गाने दृष्टांत लिहिलं. जोड्या खरंच लागतात. सज्जनाला चंदन, दुष्टाला सर्प, सत्त्वभंगाला विष. व्याकरणाच्या पुस्तकांत मात्र हा श्लोक अर्थांतरन्यासाखाली येतो. माझ्या सांगण्यामुळे मुलांचं चुकलं होतं. जोड्या दोन्हीकडे लागू शकतात, त्यांनी निकाल लागत नाही. बघायला हवं होतं ते 'न पावती सज्जन'. अनेकवचन आहे, आणि कोणताही सज्जन, केव्हाही, असा अर्थ आहे. चंदन पुसून टाका, पहिल्या दोन ओळी सुविचारासारख्या एकट्या उभ्या राहतात. इथे क्रम मात्र उलटा आहे. नळाच्या हंसाच्या श्लोकात आधी प्रसंग आणि मग सिद्धांत होता, इथे आधी सिद्धांत आणि मग दाखला आहे. सिद्धांत शेवटी आला तरच अर्थांतरन्यास, असं बरेचजण धरून चालतात. तसं नाही. मम्मटाने काव्यप्रकाशात 'सामान्यं वा विशेषो वा तदन्येन समर्थ्यते' असं म्हटलंय. सामान्याला विशेषाने आधार द्या, नाहीतर विशेषाला सामान्याने. दोन्ही दिशा चालतात. दृष्टांताच्या व्याख्येत त्याने शब्द वापरलाय तो प्रतिबिंबाचा, समर्थनाचा नव्हे.

राजहंसाच्या ओळींत तर एका शब्दाने निकाल लागतो. 'निवडी वेगळे क्षीर आणि पाणी । राजहंस दोन्ही वेगळाली' आणि मग 'तुका म्हणे येथे पाहिजे जातीचे । येरागबाळ्याचे काम नोहे'. दुसरा भाग घाईत वाचला तर म्हणच वाटते, आणि लोक ती म्हणीसारखी वापरतातही. पण त्यात 'येथे' आहे. येथे म्हणजे हातात असलेल्या या कामात. तुकोबा एका ठिकाणाकडे बोट दाखवताहेत. म्हणून पुस्तकं याला दृष्टांत म्हणतात आणि मला ते पटतं.

पटत नाही अशीही एक जागा आहे. 'बोध खलास न रुचे, अहिमुखी दुग्ध होय गरल । श्वानपुच्छ नलिकेत घातले होईना सरळ'. दुष्टाला उपदेश रुचत नाही, सापाच्या तोंडी दुधाचं विष होतं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी सरळ होत नाही. हे नेहमी अर्थांतरन्यास म्हणून देतात, आणि परीक्षेत तुम्हीही तेच लिहा, कारण खलाबद्दलचं वाक्य सिद्धांत आहे. पण काटेकोर पाहिलं तर साप काही खलांपैकी एक नाही आणि कुत्र्याचं शेपूटही नाही. हंसाचे पळून गेलेले सोबती मात्र 'स्वजनां'पैकीच होते. तो विशेष त्या सामान्याच्या पोटात मावतो, इथले दाखले शेजारी उभे राहतात. चंदनाच्या श्लोकावरही हीच शंका घेता येते. त्यामुळे अशा ओळींशी तुम्ही अडखळला असाल तर तुमचं वाचन कच्चं नाही. तिथे सीमारेषाच पुसट आहे.

श्लेष आणि अतिशयोक्ती जमतात म्हणालात, तरी तिथल्या शेजाऱ्यांबद्दल थोडं सांगते, कारण ओळी याच कथेतल्या आहेत. नळाच्या घोड्याचं वर्णन आहे, 'जो अंबरी उफाळता खुर लागलाहे । तो चंद्रमा निज तनूवरि डाग लाहे'. घोडा आकाशात उसळला, त्याचा खूर चंद्राला लागला, तोच तो चंद्रावरचा डाग. पर्यायांत उत्प्रेक्षा असते आणि मुलं तिच्याकडे वळतात, कारण कल्पना फार देखणी आहे. 'जणू', 'गमे', 'भासे' यांतलं काही आहे का ते शोधा. नाही. 'लागलाहे', म्हणजे लागला आहे. कवी अशक्य गोष्ट झाली म्हणून सांगतो, म्हणून अतिशयोक्ती. 'जणू खूर लागल्याचाच हा डाग' असं म्हटलं असतं तर उत्प्रेक्षा झाली असती.

आणि नळाच्या विरहाने मूर्च्छित झालेली दमयंती:

ते शीतलोपचारी जागी झाली हळूच मग बोले
औषध न लगे मजला, परिसुनि माता बरे म्हणुनि डोले

'बोले' आणि 'डोले' कानाला लागतात आणि हात यमकाकडे जातो. अंत्ययमक आहेच, पण प्रश्न 'औषध न लगे मजला' अधोरेखित करून विचारतात. यमकात तीच अक्षरं दोनदा येतात. इथे 'नलगे' एकदाच आलंय आणि ते दोन ठिकाणी तुटतं. 'न लगे', औषध नको. 'नल गे', अगं, नळ हेच माझं औषध. शब्द फोडल्यावर दुसरा अर्थ निघतो म्हणून हा सभंग श्लेष. 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?' यात 'मित्र' फोडावा लागत नाही, सखा आणि सूर्य दोन्ही अर्थ अख्ख्या शब्दात आहेत, म्हणून तो अभंग श्लेष.

छापताना 'न' आणि 'लगे' यांच्यामध्ये जागा सोडतात, तेव्हा पुस्तकाने एक अर्थ आधीच निवडलेला असतो. म्हणून ही ओळ मी मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगते. मोठ्याने म्हटली की दोन्ही अर्थ एकदम येतात. आईला त्यांतला एकच ऐकू आला, आणि मुलीला औषध नको म्हणजे ती बरी झाली, असं समजून ती मान डोलावते.