पाठीला पाठ लावून

स्मार्ट स्पीकरने द्यायची मराठी उत्तरं लिहिणं हे माझं काम. कोडिंगकडे पाठवण्याआधी आम्ही ती माणसांवर तपासतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवतो. एक जण स्पीकर होतो, दुसरा नुसता ऐकतो. तोंड दिसलं की माणूस अर्धं चेहऱ्यावरूनच ओळखतो, म्हणून पाठ.

त्या दिवशी बसची चौकशी होती. सहकाऱ्याच्या आईला ऐकायला बसवलं होतं. काकूंनी विचारलं, "साताऱ्याची पुढची गाडी कधी आहे?" सहकारी मी लिहिलेलं वाचू लागला: "फलाट क्रमांक पाचवरून सात पंधरा वाजता सुटणारी, स्वारगेट ते कोल्हापूर मार्गावरील निमआराम बस उपलब्ध आहे. आणखी गाड्या ऐकायच्या आहेत का? तुम्ही भाड्याबद्दलही विचारू शकता."

"काय कळलं, काकू?"

"निमआराम आहे म्हणाला. पाचला आहे ना?"

कागदावर मला हे वाक्य नीटनेटकं वाटलं होतं. पण मराठीत विशेषणं नामाच्या आधी येतात. पाच कशाचे, सात पंधरा कशाचे, हे 'बस' येईपर्यंत नीट लागत नाही, आणि तोवर सगळे आकडे हातात धरून उभं राहायचं. वाचताना डोळा मागे जातो. कानाला ती सोय नाही. शिवाय 'सात पंधरा' घरात कोण म्हणतं?

दुसरी चूक मला आवडली, म्हणजे काकूंची नव्हे, माझी. प्रश्न ऐकताच त्यांनी "हो" म्हटलं. पण स्पीकरचा माइक सगळं बोलून झाल्यावरच उत्तरासाठी उघडतो, आणि सहकारी तर इमानेइतबारे तोवर कान झाकून बसला होता. भाड्याचं वाक्य संपलं, तो गप्प, काकूही गप्प. "अहो, मी हो म्हटलं की मघाशी!"

दुपारी नव्याने लिहिलं: "साताऱ्याची पुढची गाडी सव्वासातला आहे. ती लागेल फलाट पाचवर. त्यानंतरची सांगू?" आधी त्यांचेच शब्द, म्हणजे प्रश्न बरोबर ऐकला गेल्याचं कळतं, मग विचारलेली वेळ. एका वाक्यात एकच आकडा, आणि प्रश्न अगदी शेवटी. निमआराम, मार्ग, भाडं सगळं काढलं.

काकूंनी वेळ आणि फलाट दोन्ही बरोबर सांगितले. मग आपणहून म्हणाल्या, "पोहोचेल किती वाजता?" हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. उत्तरात घालायचा मोह झाला, पण विचारलं तरच द्यायचं ठरवलं.

त्या गेल्यावर सहकाऱ्याने मला अडवलं: "सात वाजून दहा मिनिटांनी कुणी स्टँडवरूनच विचारलं तर?" त्याला वेळ नको, आधी फलाट हवा. म्हणून आता दोन उत्तरं आहेत. गाडी सुटायला दहा मिनिटांहून कमी असतील तर सुरुवातच होते, "फलाट पाचवर जा."