आमची वाटचाल: चौऱ्याऐंशी खुर्च्यांचा हॉल

हॉटेलांच्या स्वयंपाकघराचे आणि बैठकीचे आराखडे करणारी आमची छोटी संस्था छत्रपती संभाजीनगरात उभी राहिली, ती लातूरच्या एका खानावळवाल्या मावशींच्या भरवशावर. पहिले काम त्यांनीच दिले आणि आजही चूल हलवायची झाली तरी त्या आम्हाला विचारल्याशिवाय हलवत नाहीत. हत्यारे म्हणाल तर लांब टेप, लाईनदोरी, खडू आणि सेकंद मोजणारे घड्याळ, एवढीच. आराखडा कागदावर पटला, तरी आम्ही तो रिकाम्या फरशीवर खडूने खऱ्या मापात काढतो आणि वेटरला भरलेला ट्रे घेऊन त्यावरून चालायला लावतो. लोक हसतात. हसू द्यावे.

पुढची बरीच वर्षे कामे बरी चालली, त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते बीड बायपासकडच्या एका हॉटेलाचे, कारण त्या कामाने आम्ही जवळजवळ बुडालो होतो.

हॉल 40 फूट लांब आणि 20 फूट रुंद होता. आम्ही 60 खुर्च्या दाखवल्या होत्या. त्याच आठवड्यात एका स्पर्धकाने 84 खुर्च्यांचा नकाशा मालकांसमोर ठेवला. हा गृहस्थ एके काळी आमच्याच टेपचे दुसरे टोक धरत असे. मालक मला म्हणाले, "भाऊ, त्याला जमतं ते तुम्हाला का जमत नाही?" त्या एका वाक्याने माझी मती फिरली आणि खडू न उचलता मीही 84 खुर्च्या मांडून दिल्या.

चूक मापातच होती. टेबल अडीच फूट रुंद, आणि बसलेल्या माणसासह खुर्ची दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा खाते, म्हणजे एका रांगेला साडेपाच फूट लागतात. तीन रांगांना साडेसोळा फूट गेले, तर 20 फुटांतून दोन वाटांसाठी मिळून उरतात साडेतीन फूट, म्हणजे एका वाटेला 21 इंच. एवढ्यात माणूस अंग चोरून जातो, ट्रे जात नाही. शिवाय आत-बाहेर जायला दार एकच होते. भरलेली ताटे आणि खरकटी ताटे तिथे समोरासमोर येत. तंदूर मागच्या कोपऱ्यात असल्याने रोटी भाजी चिरण्याच्या ओट्यावरून आणि भांडी घासण्याच्या मोरीपाशी वळसा घेऊन ताटापर्यंत पोहोचे.

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच रविवारी हॉल भरला आणि काम अडले. लोक भाजी थंड होईपर्यंत रोटीची वाट पाहत बसले. मालकांनी आमचे उरलेले पैसे रोखले आणि सुताराचे बिल मला पदरचे भरावे लागले.

लातूरला गेलो तेव्हा मावशींनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, माणूस खुर्चीवर बसतो, पण उठतो भाकरी मिळाल्यावर. तुमची भट्टी तासाला किती काढते?" मी हे कधी मोजलेच नव्हते. परत येऊन तंदूरपाशी तासभर उभा राहिलो, तर एका भट्टीवर एक कसलेला माणूस 180 रोट्या काढत होता. माणशी 3 रोट्या धरल्या, तर 84 माणसांना 252 लागतात आणि त्या निघायला 84 मिनिटे जातात; 60 माणसांचे मात्र तासात भागते. म्हणजे त्या ज्यादा 24 खुर्च्यांनी एकही गिऱ्हाईक वाढवले नव्हते, दाराबाहेरची रांग फक्त टेबलावर आणून बसवली होती. भट्टी दुसरी घातली असती, तरी 21 इंचांच्या वाटेने तिच्या रोट्या बाहेर आल्या नसत्या. चहा-नाश्त्याच्या हॉटेलाला हा हिशेब लागू नाही. तिथे ताटे लवकर उठतात आणि अडते ते गल्ल्यापाशी. पण तंदूर असेल, तर खुर्च्यांची ऑर्डर देण्याआधी रोट्या मोजाव्यात, असे कोणी विचारले नाही तरी मी सांगतो.

मग पदरमोड करून दुरुस्ती केली. मधली रांग काढून दोन रांगा ठेवल्या. त्यांच्या मध्ये पाच फुटांची वाट सोडली आणि उरलेल्या चार फुटांच्या पट्ट्यात हात धुण्याचे बेसिन व दोघांची दोन टेबले बसवली. खुर्च्या बरोबर 60 झाल्या. तंदूर ताटे वाढून देण्याच्या काउंटरला लागून घेतला, त्याला वेगळे धुराडे दिले आणि हॉलच्या बाजूची भिंत जाड केली, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात त्या बाजूला कोणी बसले नसते. आत जायचे आणि बाहेर यायचे दार वेगळे केले, दोन्हींना डोळ्यांच्या उंचीवर काच लावली. आत शिरताच डाव्या हाताला खरकटे ठेवण्याची खिडकी केली, म्हणजे रिकाम्या हाताचा वेटर तसाच काउंटरवर पोहोचतो आणि घाण भांडे शिजवलेल्या अन्नाची वाट ओलांडत नाही.

पुढच्या रविवारी घड्याळ घेऊन मी दारात उभा राहिलो. टेबले तासाभरात सुटत होती.

आमचे उरलेले पैसे मात्र आजतागायत आलेले नाहीत. त्या स्पर्धकाच्या माहितीपत्रकात त्याच हॉलचा फोटो पहिल्या पानावर आहे. मी त्यातल्या खुर्च्या मोजल्या. 60 आहेत.