ताप उतरला, पण घड्याळ तिथून सुरू झालं

सप्टेंबरातला सोमवार. पावसाने उघडीप दिली की आमच्या तालुक्याच्या गावात डेंग्यूचे पेशंट वाढतात, तसे ते वाढलेलेच होते. अकराच्या सुमारास पाठोपाठ दोघे आले. दोन्ही घरांत रात्रभर मोबाइलवर शोधाशोध झाली होती.

पहिला एकोणीस वर्षांचा मुलगा. आजाराचा सातवा दिवस, ताप जाऊन दोन दिवस झालेले, प्लेटलेट ४८,०००. वडिलांनी 'प्लेटलेट ५० हजारांच्या खाली' एवढंच सर्च केलं होतं आणि समोर आलं ते रक्तस्रावाचं वर्णन. "डॉक्टर, आजच्या आज प्लेटलेट चढवा," हाच त्यांचा धोशा. मुलाने सकाळी पोहे खाल्ले होते, लघवी व्यवस्थित होत होती, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त नव्हतं. नाडी ७६. रक्ताचा दाटपणा सांगणारा हिमॅटोक्रिट आदल्या दिवशी ४३, आज ४२. रक्तस्राव नसताना प्लेटलेट साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत चढवत नाहीत. चढवलेल्या फार टिकत नाहीत आणि रक्तघटक देण्याची जोखीम मात्र पदरी पडते. उद्या पुन्हा सीबीसी करायला सांगून त्याला घरी पाठवलं.

दुसरी चौतीस वर्षांची बाई. गुरुवारी ताप सुरू झाला, म्हणजे सोमवार हा पाचवा दिवस. डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह, ताप रविवारी रात्री उतरलेला, प्लेटलेट १,०५,०००. नवरा निर्धास्त होता. "लाखाच्या वर आहेत म्हणजे ठीक ना? पहाटेपासून पोट दुखतंय, चार-पाच उलट्या झाल्या. मोबाइलवर ॲसिडिटी दाखवतंय, म्हणून थांबलो होतो."

त्यांनी लक्षणं भरायचं एक ॲप वापरलं होतं. मी ते उघडून दाखवायला सांगितलं. ॲपचा प्रश्न होता, ताप आहे का? त्यांनी 'नाही' दाबलं. त्या क्षणी ते खरंच होतं, पण त्या एका उत्तराने डेंग्यू यादीतून खाली गेला. तपासणी पॉझिटिव्ह आहे, ताप कालपर्यंत होता, आज पाचवा दिवस आहे, हे भरायला जागाच नव्हती. पोटदुखी आणि उलटी एवढ्यावर निघालेलं ॲसिडिटीचं उत्तर त्या माहितीला धरूनच होतं.

डेंग्यूत बऱ्याचदा ताप उतरतानाच धोक्याचा काळ सुरू होतो. साधारण २४ ते ४८ तास केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो आणि आत उरलेलं रक्त दाट होतं. तिचा हिमॅटोक्रिट शनिवारी ३८ होता, आता ४७. म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ. नाडी ११२, हातपाय गार, रक्तदाब १००/८४. वरचा १०० पाहून घरचं मशीन 'नॉर्मल' म्हणालं असतं. पण दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला की आम्ही शॉक धरतो, म्हणजे अवयवांना रक्त पुरेसं पोचत नाही असं समजतो, आणि इथे तो १६ होता. पहाटेपासून लघवी झालेली नव्हती. लगेच दाखल करून सलाइन सुरू केलं, वजन ५० किलो म्हणून पहिल्या तासात ५०० मिली.

दोन्ही घरांनी आधार घेतला तो प्लेटलेटच्या आकड्याचा. तो आकडा सहज सापडतो, रिपोर्टवर ठळक असतो, म्हणून सगळे त्यालाच धरतात. त्यावरून मुलाला गंभीर ठरवलं आणि बाईला सुखरूप. डेंग्यू आहे हे माहीत असताना 'डेंग्यू धोक्याची लक्षणे' असं शोधावं आणि जे पान आजाराच्या दिवसाप्रमाणे सांगतं ते वाचावं. शोधण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: ताप कधी सुरू झाला, कधी उतरला, शेवटची लघवी किती वाजता झाली, आणि ताप उतरल्यावर नवं काय सुरू झालं. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, सहा तास लघवी नाही: यातलं एकही असेल तर ॲप काहीही म्हणो, प्लेटलेट कितीही असोत, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. ॲपने 'तातडीने जा' म्हटलं तर डॉक्टरांना विचारून घ्यावं. 'घरीच थांबा' म्हटलं तर आपण भरलेली उत्तरं कालच्यालाही धरून खरी आहेत का, ते आधी पाहावं.

संध्याकाळी सहा वाजता तिला लघवी झाली, हातपाय गरम झाले, हिमॅटोक्रिट ४१ वर आला. मंगळवारी रात्री तिने भाताची पेज मागितली. झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येणार म्हणून बुधवारी सकाळी सलाइन बंद केलं. प्लेटलेट तेव्हा ७०,००० होत्या, सोमवारपेक्षा कमी. नवऱ्याने रिपोर्ट हातात घेतला, पण आधी विचारलं, "लघवी किती झाली रात्री?"