"सुरू करू ना?" की "सुरू करू, की नको?" : फोन सर्व्हेच्या संमतीचा माझा अनुभव

मागच्या वर्षी एका संशोधन प्रोजेक्टवर फोन सर्व्हेची सुपरवायझर म्हणून काम केलं. विषय होता कामाचे तास, येण्याजाण्यात जाणारा वेळ आणि तब्येत. माणसं सगळी नोकरी करणारी, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली, काही दुकानांत, काही ऑफिसात. प्रश्नावली बनवायला तीन आठवडे लागले पण खरा घाम काढला तो सुरुवातीच्या एका परिच्छेदाने, म्हणजे फोन उचलल्यावर वाचायच्या संमतीच्या स्क्रिप्टने. समोर बसून घेतलेल्या सर्व्हेत कागद देता येतो, सही घेता येते. फोनवर सही कुठून आणणार, म्हणून तोंडी संमती, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी आणि स्क्रिप्ट शब्दन् शब्द मंजूर करून घ्यायची.

पहिला ड्राफ्ट मी कागदी फॉर्मवरूनच उतरवला होता. "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल." तीनशेच्या वर शब्द, वाचायला अडीच मिनिटं. कमिटीने फारसं काही न बोलता पास केला. मग पायलटला, म्हणजे चाचणीच्या फेरीत, पहिल्याच संध्याकाळी कळलं की अडीच मिनिटं कोणी ऐकत नाही, ऐकतात ते "हं... हं..." करत आणि मग फोन कट. एका काकांनी तर मध्येच विचारलं, "ऐच्छिक म्हणजे ते शाळेत असतं तसं का?" आणि "संमती" म्हटलं की लोकांना ऑपरेशनच्या आधीची सही आठवते, म्हणजे पुढे काहीतरी वाईट होणार आहे असं वाटतं. बरं, "गोपनीय" शब्दाने उलटाच संशय, की एवढं लपवण्यासारखं विचारणार तरी काय आहात?

मग स्क्रिप्ट मोडून बसलो. आम्ही तिघी आणि एक प्रिंटआउट, मोठ्याने वाचायचं आणि जिथे जीभ अडते तिथे काट मारायची. "सहभाग ऐच्छिक" चं झालं "बोलायचं की नाही हे तुमच्यावर आहे". "ध्वनिमुद्रण" चं "रेकॉर्डिंग". "आपण" काढून "तुम्ही" केलं कारण "आपण" म्हटलं की बँकवाले वाटतो. आणि बँकवाले वाटणं हा सध्या सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे, अनोळखी नंबर म्हणजे फ्रॉड, त्यात ट्रूकॉलरवर आमचा नंबर चौथ्या दिवशी लाल झाला. म्हणून "ओटीपी, आधार नंबर, बँकेचं काहीही विचारणार नाही" हे वाक्य आलं. आणि "माझा नंबर कुठून मिळाला?" हा प्रश्न जवळपास प्रत्येकजण विचारायचा, तर विचारायच्या आधीच सांगून टाकायचं ठरवलं, की मागच्या वर्षी आमची माणसं घरी आली होती तेव्हा तुम्ही किंवा घरच्यांनी दिला होता. नोकरदार माणसाला पुढची भीती असते ती कंपनीची. "तुमच्या कंपनीकडून नंबर घेतलेला नाही आणि कंपनीला काही कळवणार नाही" हे ऐकल्यावर आवाज बदलतो, खरंच बदलतो.

इथे कमिटीतल्या एका मॅडमनी मला पकडलं. मी लिहिलं होतं "तुमचं नाव कुठेच राहणार नाही". त्या म्हणाल्या, "अहो, रेकॉर्डिंगमध्ये आवाज आहे, तुमच्या यादीत नंबर आहे, मग कुठेच कसं?" खोटं वचन होतं ते. मग बदललं: "नाव आणि नंबर उत्तरांपासून वेगळे ठेवतो, रिपोर्टमध्ये येणार नाहीत." वेळेचंही तसंच. फोन करणाऱ्या मुली सवयीने "दोनच मिनिटं" म्हणायच्या, मुलाखत चालायची वीस. मी टेबलावर चिठ्ठीच चिकटवली, वीस म्हणजे वीसच सांगायचं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. माणूस होकार देतो म्हणजे नक्की काय म्हणतो? फॉर्ममध्ये हो/नाही एवढंच होतं, पण फोनवर लोक "हो" म्हणतच नाहीत, ते म्हणतात "बोला", "विचारा", "हं". "बोला" हा होकार आहे की "लवकर बोल आणि फोन ठेव" आहे? सुरुवातीला आम्ही शेवटी विचारायचो, "मग सुरू करू ना?" त्या "ना" ला नाही म्हणणं मराठी माणसाला जडच जातं. लोक "करा" म्हणायचे आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला "अहो राहू द्या" म्हणून कट. मग केलं "सुरू करू, की नको?" आणि त्यानंतर तीन सेकंद गप्प बसायचं. मुलींना हे गप्प बसणं भयंकर अवघड गेलं. नको म्हणणारे वाढतील ही भीती होती आणि वाढलेच, पण जे "करा" म्हणाले ते बहुतेक शेवटपर्यंत थांबले. नुसतं "हं" आलं तर एकदा परत विचारायचं, "बोला"-"विचारा" चालेल, असा नियम लिहूनच टाकला.

एक केस अजून लक्षात आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास लागलेला फोन, शिफ्ट बदलण्याची वेळ, दादा लगेच "विचारा" म्हणाले. ओव्हरटाइम? नाही. सुट्टी मिळते? हो. सगळं छान. रात्री नऊला त्यांनीच फोन केला, "मॅडम, तेव्हा सुपरवायझर शेजारी उभा होता, स्पीकरवर होतं, आता परत विचारा." संमती होती हो, पण मोकळी नव्हती. त्या दिवसानंतर स्क्रिप्टच्या आधी एक प्रश्न घातला, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का? गाडी चालवत नाही ना?" आत्ता जमत नाही म्हणाले तर संमतीचं काही वाचायचंच नाही, त्यांच्या सोयीची वेळ घ्यायची आणि फोन ठेवायचा. कारखान्यातल्या लोकांना फोन संध्याकाळी सातनंतर लावायला लागलो.

शेवटी मंजूर झालेली स्क्रिप्ट अशी होती:

"नमस्कार, मी पुण्यातल्या अमुक संस्थेतून अमुक बोलतेय. मागच्या वर्षी आमची माणसं घरी आली होती, तेव्हा तुम्ही किंवा घरच्यांनी हा नंबर दिला होता. आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का? (थांबा) कामाचे तास आणि तब्येत यावर काही प्रश्न आहेत, साधारण वीस मिनिटं लागतील. बोलायचं की नाही हे तुमच्यावर आहे. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडा म्हणा, मध्येच थांबायचं असेल तरी चालेल. तुम्हाला याचा थेट फायदा नाही. ओटीपी, आधार, बँकेचं काही विचारणार नाही. कंपनीला काही कळवणार नाही, नाव-नंबर उत्तरांपासून वेगळे ठेवतो. तक्रार असेल तर एक नंबर देते. काही विचारायचंय? (थांबा) सुरू करू, की नको? (थांबा) आणि रेकॉर्ड केलं तर चालेल का? नाही म्हणालात तरी प्रश्न विचारता येतील."

साधारण पन्नास सेकंद, थांबणं धरून मिनिटभर. रेकॉर्डिंगचा प्रश्न वेगळा ठेवला कारण काहींना बोलायला चालतं पण रेकॉर्ड नको असतं. आणि याच्यात आमची एक लाजिरवाणी चूक निघाली, अ‍ॅपची सेटिंग अशी होती की फॉर्म उघडला की रेकॉर्डिंग चालू, म्हणजे परवानगी मागायच्या आधीच आवाज साठवत होतो! दोन दिवसांच्या सगळ्या फाइल डिलीट केल्या, कमिटीला पत्र लिहिलं, आणि होकाराची नोंद रेकॉर्डिंगवर न ठेवता मुलाखत घेणारीने तारीख-वेळेसकट फॉर्ममध्ये करायची असं ठरलं.

नंतर मी रोज पाच-सहा रेकॉर्डिंग ऐकायचे, पण त्यात संमतीचा भाग आता नसणार, कारण तो रेकॉर्डिंगच्या आधीचा. मग दिवसातले दोन फोन मी शेजारी हेडफोन लावून ऐकायला बसायचे. पहिल्याच आठवड्यात कळलं की एक मुलगी "मध्येच थांबायचं असेल तरी चालेल" हे वाक्य दर वेळी गाळतेय. विचारलं तर म्हणाली, "ताई, ते ऐकलं की लोक थांबतात ना."