आचाऱ्याच्या हातची यादी शीटमध्ये उतरवताना: माझा अनुभव

भाचीच्या लग्नाचा स्वयंपाक घरीच करायचा ठरला आणि आचारीकाकांनी लिहिलेल्या यादीचे फोटो ताईने मला पाठवले. किराणा रविवार कारंजावरून, भाजी पंचवटीतल्या मार्केट यार्डातून आणि पत्रावळी-द्रोण तिसरीकडून घ्यायचे होते. कागदावर मात्र सगळं एकाखाली एक होतं, काकांना आठवेल तसं. दुकानवार वेगळं करायचं तर गूगल शीटमध्ये घालणं भाग होतं.

आधी मी फोटो पुन्हा मागवले. वही सपाट टेबलावर, खिडकीच्या उजेडात, मोबाईलची सावली पडू न देता आणि एका फोटोत एकच पान. मग गूगल लेन्सने मजकूर उचलला. जिन्नसांची नावं बऱ्यापैकी आली. ‘धणे’चं ‘घणे’ झालं होतं, पण ते पाहताक्षणी कळतं. आकड्यांचं तसं नाही. काका जुन्या वळणाचे; साडेसात किलो तूरडाळ ते ‘७॥ कि.’ अशी लिहितात. त्या दोन दांड्यांचे लेन्सने दोन एक केले आणि समोर ७११ आलं. सव्वा किलो जिऱ्याचं ‘१।’ झालं ११. सातशे अकरा किलो डाळ कोणीही पकडेल, पण अकरा किलो जिरं मोठ्या यादीत सहज खपून जातं. म्हणून मी ठरवलं, नावं लेन्सची घ्यायची आणि प्रमाण फोटोकडे बघून हातानेच टाईप करायचं. एक दांडी पाव, दोन दांड्या अर्धा, तीन दांड्या पाऊण. म्हणजे ‘१॥।’ हे १.७५.

प्रमाण टाईप करताना मी इंग्रजी आकडेच वापरले. माझ्या शीटमध्ये देवनागरी आकडे मजकूर म्हणून बसत होते, त्यांची बेरीज होत नव्हती. ओळखायची खूण सोपी: संख्या खान्यात आपोआप उजवीकडे जाते, मजकूर डावीकडे राहतो.

रकाने असे केले: A क्रम, B जिन्नस, C प्रमाण, D एकक, E हिशेबाचं प्रमाण, F दुकान आणि G कागदावरची मूळ ओळ जशीच्या तशी. क्रम आणि मूळ ओळ हे दोन्ही रकाने मी कुठल्याही यादीत ठेवीन. सॉर्ट केल्यावर कागदाशी ताडून पाहायचं तर परतीची वाट तेवढीच उरते. सॉर्ट करण्याआधी ‘〃’ च्या खुणाही भराव्या लागतात. काकांनी ‘जिरे १। कि.’च्या खाली ‘मोहरी 〃’ लिहिलं होतं. ओळी हलल्या की त्या खुणेला वरचा आकडा उरत नाही.

किलो, ग्रॅम, डझन, शेकडा असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून `units` नावाचं दुसरं पान केलं. त्यात किलोसमोर 1000, ग्रॅमसमोर 1, डझनसमोर 12, शेकड्यासमोर 100, नग आणि जुडीसमोर 1. मग E2 मध्ये:

```
=C2*VLOOKUP(D2,units!$A:$B,2,FALSE)
```

जे एकक त्या पानावर नाही, तिथे `#N/A` येतं आणि ते मला हवंच होतं. कुठे ‘किलो’नंतर चुकून स्पेस पडली होती, ती तिथेच सापडली. ‘तेल ३ डबे’ या ओळीवरही `#N/A` आलं. डब्यासमोर अंदाजाने आकडा घालण्यापेक्षा मी काकांना फोन लावला.

“काका, डबा पंधरा लिटरचा धरायचा की पंधरा किलोचा?”

“किलोचा धर गं. तळणाला तेवढं लागतंच.”

विचारलं ते बरं झालं. बाजारात दोन्ही डबे मिळतात आणि तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने पंधरा लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलोच तेल असतं. तीन डब्यांमागे चार किलोचा फरक पडला असता. मग `units` मध्ये ‘डबे’समोर 15000 घातलं, आणि हा आकडा फक्त तेलासाठी आहे अशी नोंद शेजारी केली.

साखर दोन ठिकाणी होती, गोडाला १५ किलो आणि चहाला ३॥. मी ओळी एकत्र केल्या नाहीत, कारण चहाचं सामान वेगळ्या पिशवीत जाणार होतं. एकूण आकडा असा काढला:

```
=SUMIFS(E:E,B:B,"साखर")
```

उत्तर 18500, म्हणजे साडेअठरा किलो. यासाठी नाव सगळीकडे एकसारखंच लागतं. ‘तूरडाळ’ आणि ‘तूर डाळ’ शीटच्या लेखी दोन वेगळे जिन्नस असतात. ते शोधायला आधी B रकान्यावर सॉर्ट केलं; सारखी नावं शेजारी आली की फरक दिसतो.

शेवटी ताईने कागदावरून मोठ्याने वाचलं आणि मी क्रमाने लावलेल्या शीटवर खूण करत गेले. दर पानाच्या ओळी मोजून जुळवल्या. मग F वर सॉर्ट करून किराण्याची यादी दुकानदाराला आणि भाजीची मामांना पाठवली.