पहाटेचं सपन

आठवीत असताना २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, मला भाषण करायचं होतं. दीड पानाचं भाषण तोंडपाठ होतं. तरी आदल्या पहाटे स्वप्न पडलं. मी माइकसमोर उभी, समोर अख्खी शाळा, आणि ‘ऋणमोचन’ या गावाच्या नावानंतर पुढचं काहीच आठवेना. हातातला कागद पाहिला तर त्यावर सतराचा पाढा. पुन्हा पाहिलं तर कागद कोरा.

आजी चुलीशी बसली होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, “पायटचं सपन खरं होते, माय.” मी रडतच शाळेत आले.

मराठीच्या बाईंनी समजूत घातली नाही. “कुठं अडकली तू?” एवढंच विचारलं. मग माझा कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, “आता ऋणमोचनपासून सुरू कर.” मला जमेना. दर वेळी पहिल्या वाक्यापासून यावं लागायचं. तेव्हा कळलं, मी भाषण साखळीसारखं पाठ केलं होतं. एका वाक्याला धरून दुसरं वाक्य यायचं, म्हणून एक कडी निसटली की पुढचं सगळंच जायचं.

बाईंनी भाषणाचे चार मुक्काम केले: शेंडगावचा जन्म, ऋणमोचनचा घाट, पंढरपूरची धर्मशाळा, अमरावतीची समाधी. त्या मध्येच एखादं नाव घ्यायच्या आणि तिथून पुढे मी माझ्या शब्दांत बोलायचं. दुपारपर्यंत कुठूनही सुरुवात करता येऊ लागली. शेवटी त्यांनी स्वप्नही पुन्हा सांगायला लावलं, पण शेवट बदलून: कागद कोरा आहे, मी तो घडी करून ठेवते आणि घाटाबद्दल बोलायला लागते. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर मानसोपचारातही अशीच रीत वापरतात, हे मला फार पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी घाटापाशी मी खरंच क्षणभर थांबले. मग पंढरपूरला गेले, आणि तिथून पुढे बोलत राहिले.

आजीचं म्हणणं मात्र बरीच वर्षं मनात होतं. झोपेतला स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो आणि त्यातूनच जाग आली की स्वप्न ठळक आठवतं. म्हणून पहाटेचं स्वप्न खरं वाटतं. ते खरं होतंच असं नाही. पॅरिसमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांनी आपली स्वप्नं सांगितली. साठ टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं. उशीर झाला, उत्तर आठवेना, अशीच बहुतेक स्वप्नं. पण अशी स्वप्नं ज्यांना पडली होती, त्यांना गुण थोडे जास्तच मिळाले. स्वप्नानं गुण वाढतात असा याचा अर्थ नव्हे. ज्याला काळजी, तो अभ्यासही जास्त करत असेल. पण आज आजी असती, तर हे तिला नक्की सांगितलं असतं.

एका महोत्सवात बोलायचं ठरलं आणि परवा पहाटे तेच स्वप्न पुन्हा पडलं. यावेळी अडकले ती बाईंचं नाव घेताना. उठले, आणि भाषण तिथूनच म्हणायला सुरुवात केली.